बीओटी करारातली मुदत: या चुका टाळा

‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ प्रकल्पाचा अभ्यास करताना बहुतेक जण ‘मुदत ३० वर्षे’ एवढे टिपून पुढे जातात. पहिली चूक तीच. ती मुदत कशाने वाढते, ते कलम आधी शोधा.

दिल्ली-नोएडा डीएनडी उड्डाणमार्गाचा करार १९९७ चा आणि मार्ग सुरू झाला २००१ मध्ये. मुदत ३० वर्षांचीच, पण कंपनीला एकूण खर्चावर दरसाल २० टक्के परतावा मिळेल अशी हमी होती. एखाद्या वर्षी टोल कमी पडला की तूट एकूण खर्चात मिळवायची, आणि पुढच्या वर्षी त्या वाढलेल्या रकमेवर पुन्हा २० टक्के. वसुली पुरी होईपर्यंत मुदत वाढत राहणार.

हे कागदावर मांडून बघा. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत. खर्च ४०० कोटी, म्हणजे पहिल्या वर्षी ८० कोटी परतावा हवा. देखभाल वजा जाता टोलचे ४० कोटी हाती आले, तर ४० कोटींची तूट खर्चात जाऊन येणे ४४० कोटी होते. दुसऱ्या वर्षी टोल १० टक्क्यांनी वाढून ४४ कोटी झाला, पण हवेत ८८. येणे ४८४. तिसऱ्या वर्षी टोल ४८.४ कोटी, येणे ५३२.४. टोल दरवर्षी १० टक्क्यांनी वाढतो आहे आणि येणेही तेवढ्याच वेगाने. असा करार शंभर वर्षांनीही संपणार नाही. ‘वाहतूक वाढली की फिटेल’ हे उत्तर म्हणूनच तपासल्याशिवाय स्वीकारू नका. वर्षअखेरचे येणे मागच्या वर्षापेक्षा जास्त दिसू लागले, तर धोक्याची खूण तिथेच आहे.

दुसरी चूक म्हणजे ‘खासगी भागीदार आला, जोखीमही त्याच्याकडे गेली’ हे गृहीतक. इथे वाहतुकीची जोखीम नावाला कंपनीची, प्रत्यक्षात पुढच्या वर्षांतल्या वाहनचालकांची. शिवाय खर्च जितका फुगेल तितका परतावा जास्त, मग काटकसर कोण करणार? कंपनीची निवडही स्पर्धात्मक निविदेविना झाली होती. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये टोल थांबवला आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय कायम ठेवला.

मात्र यावरून लवचीक मुदतच वाईट ठरवणे, ही तिसरी चूक. चिलीत सांतियागो-वालपाराइसो महामार्ग १९९८ मध्ये वेगळ्या पद्धतीने दिला गेला. टोलमधून मिळायच्या एकूण रकमेचे आजचे मूल्य बोलीत ठरले. सर्वांत कमी रक्कम मागणाऱ्याला काम मिळाले. तेवढी वसुली झाली की टोलवसुलीचा हक्क संपतो, मग वर्षे कितीही लागोत. मुदत इथेही हलती, पण गाठायची रक्कम स्पर्धेतून आधीच पक्की झालेली. बांधकामाचा खर्च वाढला तर तो टोलवर टाकता येत नाही.