बेंचवर बसवलंय आणि पगार थांबलाय? एच-१बीवर असाल तर या क्रमाने पावलं टाका

प्रोजेक्ट संपला की कन्सल्टिंग कंपनीतून ठरलेला फोन येतो: "नवीन क्लायंट मिळेपर्यंत पेरोल थांबवतोय, सगळ्यांसाठी हेच धोरण आहे." हिंजवडीतल्या कंपनीत बेंचवर किती पगार मिळावा, हा तुमचा आणि कंपनीचा करार असतो. अमेरिकेत एच-१बीवर आलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र तो करारावर सोडलेला नाही. काम नाही म्हणून बसवलं, तर त्या काळाचा पूर्ण पगार कंपनीने द्यायचा, असा तिथल्या कामगार खात्याचा नियम आहे. ऑफर लेटरमध्ये "बेंच काळात वेतन नाही" असं लिहिलेलं असलं आणि खाली तुमची सही असली, तरी त्या ओळीने नियम बाजूला पडत नाही.

हे सगळं एच-१बीपुरतं आहे. एल-१वर आलेल्यांच्या अर्जाला एलसीए, म्हणजे कंपनीने कामगार खात्याला दिलेली पगाराची हमी, जोडलेलं नसतं, म्हणून पुढची तक्रारीची वाट त्यांना लागू होत नाही. त्यांना राज्याच्या वेतन कायद्याकडे पाहावं लागतं.

आधी एलसीए हातात घ्या

एलसीए म्हणजे तुमचा व्हिसा मागण्याआधी कंपनीने कामगार खात्याला लिहून दिलेली हमी. तुमची जागा कुठली, पद कुठलं आणि वर्षाला किती डॉलर देणार, हे त्यात असतं. नोंदणी क्रमांक `I-200-` ने सुरू होतो. कामावर रुजू होण्याच्या दिवसापर्यंत याची प्रत तुम्हाला द्यायची, हे कंपनीवर बंधनच आहे. मिळाली नसेल तर एचआरला ईमेल करून मागा. तरीही टाळाटाळ झाली, तर दुसरी वाट आहे: प्रत्येक एलसीएमागे कंपनीला एक सार्वजनिक फाइल ठेवावी लागते. ती कोणालाही पाहता येते आणि तिच्यात एलसीए व पगाराचा दर असतो.

एलसीएवर पगाराचे दोन आकडे दिसतात, एक त्या भागातला प्रचलित दर आणि दुसरा कंपनीने तुम्हाला देऊ केलेला. कंपनी त्याच कामासाठी तुमच्यासारख्याच पात्रतेच्या इतरांना जे देते ते आणि प्रचलित दर, यांतला जो जास्त, तो तुमचा बंधनकारक पगार. बेंच काळाचा हिशेब त्याच्यावर होतो. क्लायंट तासाला किती बिल भरत होता, त्या बिलात तुमची आणि कंपनीची वाटणी "८०-२०" ठरली होती की "७०-३०", याच्याशी कामगार खात्याला कर्तव्य नाही. अर्ज पूर्ण वेळेचा असेल तर बेंचवरही पूर्ण वेळेचाच पगार. "बेंचवर आठवड्याला वीस तास धरू" असं मधेच ठरवता येत नाही.

काम का थांबलं, याची नोंद तुमच्याकडे हवी

सगळा वाद इथेच होतो. काम नाही, परवाना आलेला नाही, क्लायंटने सुरुवात पुढे ढकलली, कंपनीने ट्रेनिंगला बसवलंय, या सगळ्या कारणांचा भार कंपनीवर. तुम्ही स्वतःहून, स्वतःच्या सोयीसाठी रजा मागितली असेल, म्हणजे आई आजारी म्हणून गावी गेलात, बाळंतपण आहे, अपघात झालाय, तर त्या दिवसांचा पगार या नियमाखाली मिळत नाही. कंपनीचं रजेचं धोरण किंवा दुसरा एखादा कायदा देत असेल तरच मिळतो.

म्हणून बेंच सुरू झाल्यावर तीन-चार दिवसांत एचआरकडून एक फॉर्म येतो: "बिनपगारी रजेची विनंती". वर तुमचं नाव, कारणाच्या रकान्यात आधीच टाइप केलेलं "वैयक्तिक", खाली सहीची रेघ. ही सही केलीत की कागदावर तुम्ही स्वतः रजा मागितलेली होते. सही करू नका. फोनवर वाद घालत बसण्यापेक्षा उत्तर ईमेलने द्या: "मी रजा मागितलेली नाही. प्रोजेक्ट अमुक तारखेला संपला. तेव्हापासून मी कामासाठी उपलब्ध आहे आणि आजही आहे." एवढी तीन वाक्यं पुरतात.

नंतर दर सोमवारी असाच एक छोटा ईमेल पाठवत राहा. बेंच सेल्सवाल्यांशी झालेले मेसेज, व्हेंडरकडे पाठवलेल्या रेझ्युमेंची यादी, क्लायंट इंटरव्ह्यूची निमंत्रणं, सगळं वैयक्तिक खात्यात ठेवा. कंपनीचा लॉगिन कधी बंद होईल याची पूर्वसूचना कोणी देत नाही.

थकबाकी मोजा

एक हिशेब करून पाहू. एलसीएवर वर्षाचा पगार ९६,००० डॉलर आहे आणि पगार दर दोन आठवड्यांनी होतो. वर्षात २६ हप्ते, म्हणजे एक हप्ता ३,६९२.३१ डॉलर. प्रोजेक्ट शुक्रवारी, २८ फेब्रुवारी २०२५ ला संपला. सोमवार ३ मार्च ते शुक्रवार २५ एप्रिल, असे आठ आठवडे माणूस बेंचवर होता. चार हप्ते बुडाले, म्हणजे १४,७६९.२४ डॉलर. हा करकपातीआधीचा आकडा आहे आणि तक्रारीत हाच लिहायचा.

एप्रिलमध्ये कंपनीने त्याच्या बँकेत २,००० डॉलर टाकले आणि "ॲडव्हान्स" म्हटलं. पुष्कळ लोक ते लगेच वजा करून १२,७६९.२४ वर येतात. घाई नको. एखादी रक्कम एच-१बीचा पगार म्हणून धरली जायची, तर ती कंपनीच्या पेरोलमध्ये कमाई म्हणून नोंदलेली हवी आणि तिच्यातून कर व सोशल सिक्युरिटी कापलेली हवी. झेलवर आलेले, पे-स्टबवर न दिसणारे पैसे या व्याख्येत बसत नाहीत. तक्रारीत ते लपवू मात्र नका. "२,००० डॉलर अमुक तारखेला मिळाले, पेरोलबाहेर" असं स्पष्ट लिहा. त्याचं काय करायचं हे तपासणारा अधिकारी ठरवेल.

पे-स्टब वाचताना वर्षाची आतापर्यंतची बेरीज दाखवणारा रकाना पाहा, त्याला सगळे वायटीडी म्हणतात. बेंच काळात हा आकडा जागचा हलला नसेल, तर पगार दिलेला नाही याचा याहून साफ पुरावा सहसा मिळत नाही. उलट आकडा वाढलेला दिसतोय पण बँकेत काही आलं नाही, किंवा आलेला पगार तुमच्याकडून रोखीने परत मागितला, तर प्रकरण आणखी गंभीर आहे. "पे-स्टब चालू ठेवायला पैसे तूच भर" हा याचाच एक प्रकार. तसंच नवा प्रोजेक्ट सुरू झाल्यावर बेंचचे पैसे "वसूल" करण्यासाठी हप्ते कापणं, किंवा एच-१बी अर्जाची वकील फी पगारातून कापणं. बंधनकारक पगाराच्या खाली नेणारी अशी कपात चालत नाही.

मागच्या तारखेच्या पत्रापासून सावध राहा

कंपनी पगाराच्या बांधिलकीतून कायमची सुटू शकते. त्यासाठी तिने तुम्हाला खरोखर कामावरून काढायला हवं. "खरोखर" म्हणजे तीन गोष्टी: तुम्हाला काढल्याचं स्पष्ट सांगणं, इमिग्रेशन खात्याला कळवणं, आणि व्हिसाची मुदत संपायच्या आत काढलं असेल तर मायदेशी परतीच्या वाजवी प्रवासखर्चाची तयारी दाखवणं. या गोष्टी होईपर्यंत, तुम्ही दुसऱ्या कंपनीकडे गेला नसाल तर, मीटर चालूच राहतो असा दावा करता येतो. तुम्ही स्वतः राजीनामा दिलात, तर परतीचं भाडं मागता येत नाही. म्हणूनच काही कंपन्या "आम्हीच काढलं तर रेकॉर्ड खराब होईल, तूच राजीनामा दे" अशी काळजी दाखवतात. ती काळजी तुमची नसते.

नोकरी गेल्यावर अमेरिकेत थांबून दुसरी शोधण्यासाठी सलग ६० दिवसांपर्यंतची सवलत मिळते, आय-९४ त्याआधी संपत नसेल तर. ही सवलत जानेवारी २०१७ पासून आहे. मोजणीची सुरुवात बहुधा ज्या दिवसाचा पगार शेवटचा मिळाला त्या दिवसावरून धरली जाते. वरच्या उदाहरणातल्या माणसाला २५ एप्रिलला पत्र मिळालं आणि त्यावर "नोकरी २८ फेब्रुवारीला संपली" असं लिहिलेलं असेल, तर १ मार्चपासून ६० दिवस २९ एप्रिलला संपतात. नवी कंपनी शोधून अर्ज दाखल करायला हातात चार दिवस. असं पत्र आलं तर त्याच दिवशी लेखी हरकत घ्या, सोमवारचे ईमेल जोडा आणि दुसऱ्या कंपनीचा अर्ज कसा आणि कधी टाकायचा यासाठी इमिग्रेशन वकिलाला गाठा. ही फी वाचवण्याची जागा नाही.

बिनपगारी बेंच लांबला की हाच त्रास दुसऱ्या बाजूनेही होतो. नवी कंपनी ट्रान्सफरसाठी सहसा शेवटच्या काही पे-स्टब मागते. त्या नसतील तर तुम्ही स्टेटसमध्ये होता का, हा प्रश्न इमिग्रेशन खातं विचारू शकतं. दोन महिने "बघू" म्हणत बसू नका.

तक्रार: डब्ल्यूएच-४

आधी कंपनीला एकदा लेखी मागणी करा: हप्त्यांच्या तारखा, रक्कम, एलसीएचा क्रमांक आणि उत्तरासाठी दहा दिवस. बऱ्याच वेळा इथेच पैसे येतात, कारण कंपनीच्या वकिलाला नियम ठाऊक असतो.

नाही आले तर कामगार खात्याच्या वेज अँड अवर विभागाकडे डब्ल्यूएच-४ हा फॉर्म भरा. विभागाचा फोन १-८६६-४८७-९२४३. तक्रार करायला पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही. मुदत मात्र कडक आहे: उल्लंघन शेवटचं घडलं त्या दिवसापासून १२ महिने. वरच्या उदाहरणात शेवटचा बिनपगारी दिवस २५ एप्रिल २०२५, म्हणून फॉर्म २०२६च्या एप्रिलपर्यंत थांबवायचा नाही. २०२५च्याच उन्हाळ्यात टाकायचा.

फॉर्ममध्ये तपशील लिहायच्या जागी रडगाणं नको. तारखा, हप्ते, रक्कम, आणि "काम नसल्याने बसवलं, मी उपलब्ध होतो" हे एक वाक्य. सोबत एलसीए, पे-स्टब, बँक स्टेटमेंट आणि ईमेल. दोष सिद्ध झाला तर कंपनीला थकबाकी भरावी लागते. उल्लंघन जाणूनबुजून केलेलं निघालं, तर वेगळा दंड होतो आणि नवे एच-१बी अर्ज करण्यावर काही काळ बंदी येऊ शकते. लहान कन्सल्टिंग कंपनीला या बंदीची धास्ती दंडापेक्षा जास्त असते.

तक्रार केली म्हणून काढणं, धमकावणं किंवा व्हिसा रद्द करण्याची भीती घालणं यालाही मनाई आहे. शिवाय एलसीएच्या उल्लंघनाची तक्रार केल्यामुळे कंपनीने सूड घेतला आणि स्टेटस गेलं, तर पुढच्या एच-१बी अर्जात ते असाधारण कारण म्हणून मांडता येतं. त्यासाठी डब्ल्यूएच-४ची प्रत आणि ती दाखल केल्याचा पुरावा जोडावा लागतो, म्हणून फॉर्म पाठवण्याआधी त्याची पीडीएफ आणि पाठवल्याची पावती वैयक्तिक ईमेलवर टाकून ठेवा.