फेलोशिप हातात किती पडते? रिसर्च स्कॉलरच्या वर्षाच्या हिशोबातल्या या चुका टाळा

विद्यापीठाच्या फेलोशिप सेक्शनमध्ये बसणाऱ्या माणसाला मार्च-एप्रिलमध्ये एकच प्रश्न ऐकू येतो : "सर, हॉस्टेल-मेस जाऊन वर्षाचे माझे किती होतात, लिहून द्या ना." कुणाला बँकेला दाखवायचं असतं, कुणाला घरी सांगायचं असतं. मी विचारतो, तुझा आकडा किती येतो? उत्तर पटकन येतं, कारण समोरच्याने मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर एका महिन्याची शिल्लक घेऊन तिला बाराने गुणलेलं असतं. आणि तो आकडा चुकलेला असतो. कधी थोडा, कधी लाखाच्या वर.

हे लिहितोय ते यूजीसीची जेआरएफ घेऊन हॉस्टेलला राहणाऱ्यांसाठी. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिना ३७,००० आणि एसआरएफ ४२,००० आहे, हे सगळ्यांना पाठ असतं. घोळ त्यापुढे सुरू होतो.

एका महिन्याला बाराने गुणणे

माझी सगळ्यात नावडती चूक ही. ती करणाऱ्याला आपण चुकतोय असं वाटतच नाही, कारण गुणाकार बरोबर असतो. चुकतो तो निवडलेला महिना.

एक उदाहरण घेऊ. एक स्कॉलर १ ऑक्टोबरला रुजू झाला होता. आपण पाहतोय त्या एप्रिल ते मार्च वर्षात, सप्टेंबरअखेर, त्याची जेआरएफची दोन वर्षं पूर्ण होतात. हॉस्टेलची खोली सेमिस्टरला ६,००० रुपये, वीज-पाणी वेगळं २,४००, म्हणजे सेमिस्टरला ८,४००. हे पैसे जुलैत आणि जानेवारीत एकदम भरायचे. मेसचा महिन्याचा ठरलेला एस्टॅब्लिशमेंट चार्ज ६०० आणि जेवणाचा दर दिवसाला ११०. हे दर समजण्यापुरते धरलेत, तुमच्या हॉस्टेलचे तुम्ही घाला.

आता हा मुलगा ऑगस्ट धरतो. ३१ दिवसांचं जेवण ३,४१० आणि ६००, मेस बिल ४,०१०. ३७,००० मधून ते गेल्यावर राहिले ३२,९९०. गुणिले बारा, ३,९५,८८०. खूश. त्याचा रूममेट जुलै धरतो. त्या महिन्यात सेमिस्टरचे ८,४०० पण गेलेले असतात, म्हणून शिल्लक २४,५९० आणि वर्षाचे २,९५,०८०. एकाच खोलीत राहणारे, एकच फेलोशिप घेणारे दोघे, आणि उत्तरांत लाखाचा फरक. मग दोघंही माझ्याकडे येतात आणि बरोबर कोण ते विचारतात. कुणीच नाही.

हिशोब वर्षाचा हवा असेल तर प्रत्येक रक्कम आधी वर्षाची करायची, वजाबाकी शेवटी एकदाच. एप्रिल ते सप्टेंबर सहा महिने ३७,००० प्रमाणे २,२२,०००. ऑक्टोबरपासून एसआरएफ, सहा महिने ४२,००० प्रमाणे २,५२,०००. एकूण ४,७४,०००. हॉस्टेल दोन सेमिस्टरचं १६,८००. मेसचा ठरलेला चार्ज वर्षाचा ७,२००. जेवणाचे दिवस मात्र ३६५ नाहीत. रजा आणि फील्डवर्क धरून पस्तीस दिवस त्याने रीतसर मेस बंद ठेवली होती, म्हणून ३३० दिवसांचे ३६,३००. सगळा खर्च मिळून ६०,३००. शिल्लक ४,१३,७००.

महिन्याची सरासरी हवी असेल तर आता भागा बाराने, ३४,४७५ येतात. आधी भागायचं नाही. आणि हा आकडा कुठल्याही एका महिन्याच्या पासबुकात दिसणार नाही, तेव्हा "सर, तुमचं चुकलंय" म्हणत परत यायचं नाही.

देय आणि जमा एकच समजणे

वरचे ४,७४,००० देय आहेत. खात्यात तेवढे आलेच असतील असं नाही, बहुतेकदा येत नाहीत.

यूजीसीची फेलोशिप थेट स्कॉलरच्या बँक खात्यात जमा होते, पण त्याआधी दर महिन्याला विद्यापीठाला कॅनरा बँकेच्या पोर्टलवर "हा संशोधक हजर आहे, याला द्या" असं कन्फर्म करावं लागतं. गाइडची सही उशिरा आली, विभागाचा शिपाई रजेवर होता, आमच्याकडे कन्फर्म करणारा माणूस बदलला, यातलं काहीही झालं की महिना पुढे ढकलला जातो. पैसे बुडत नाहीत, पण दोन-तीन महिन्यांचे एकदम येतात, आणि तेव्हा लोकांना आपण श्रीमंत झाल्यासारखं वाटतं.

एसआरएफचंही तसंच. दोन वर्षं झाली की आपोआप ४२,००० सुरू होत नाहीत. तीन जणांची समिती कामाचा आढावा घेते, तिची शिफारस यावी लागते. आपल्या उदाहरणातल्या मुलाची समिती बसली फेब्रुवारीत. तोवर दर महिन्याला ३७,००० च येत राहिले. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या पाच महिन्यांचा फरक, २५,००० रुपये, पुढच्या आर्थिक वर्षात मिळाला. शिवाय मार्चची फेलोशिप एप्रिलमध्ये जमा होते, आणि या एप्रिलमध्ये आलेली होती मागच्या मार्चची. म्हणजे वर्षभरात खात्यात आले बरोबर बारा वेळा ३७,०००, एकूण ४,४४,०००. मेस-हॉस्टेल गेल्यावर हातात ३,८३,७००.

दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. बँकेने फेलोशिपचा दाखला मागितला तर देय लिहितो. घरी हप्ता कबूल करायचा असेल तर जमा बघा. मी स्वतः जो येईल त्याला वहीत दोन रकाने आखायला लावतो : डावीकडे कुठल्या महिन्याची फेलोशिप, उजवीकडे कुठल्या तारखेला जमा झाली. एक्सेलमध्ये केलं तरी हरकत नाही, पण नेटवरून कुणाचं तयार शीट उतरवून आणू नका. त्यात महिन्याचा एकच रकाना असतो आणि थकबाकी कुठे टाकायची हे बनवणाऱ्यालाही माहीत नसतं.

हॉस्टेल घेऊन एचआरए चालू ठेवणे

ही चूक महागात पडते.

हॉस्टेल मिळालं नाही आणि बाहेर भाड्याने राहता, तर फेलोशिपवर केंद्राच्या दराने घरभाडे भत्ता मिळतो. सध्या एक्स वर्गाच्या शहरात ३० टक्के, वाय वर्गात २०, झेडमध्ये १०. पुणे एक्समध्ये येतं, म्हणून ३७,००० वर ११,१०० होतात. हॉस्टेलला राहणाऱ्याला हा भत्ता नाही. इतकं साधं आहे.

दर २७ टक्के होता तेव्हाची गोष्ट. एक मुलगी बाहेर फ्लॅट शेअर करून राहत होती, एचआरए रीतसर चालू होता. वर्षाच्या मध्यात हॉस्टेलची वेटिंग लिस्ट सरकली, खोली मिळाली, ती गेली राहायला. हॉस्टेल ऑफिसने आम्हाला कळवलं नाही, तिनेही कळवलं नाही. महिन्याला ९,९९० येत राहिले. तिचा समज असा की ऑफिसला सगळं कळत असणार, चूक असती तर बंद केलं असतं. सात महिन्यांनी वार्षिक अहवालासोबत तिने पत्ता लिहिला, हॉस्टेल ब्लॉक अमुक, रूम अमुक. टेबलावर बसलेल्याने दोन कागद शेजारी ठेवले आणि झालं. वसुली ६९,९३० रुपये, पुढच्या फेलोशिपमधून वळती. दोन महिने तिच्या खात्यात जवळपास काहीच आलं नाही, आणि मेसवाला काही थांबत नाही. ती रडली, मलाही वाईट वाटलं, पण कागदावर तिची बाजू मांडण्यासारखं काही नव्हतं.

खोलीची किल्ली घेतली त्याच दिवशी एचआरए बंद करण्याचा अर्ज द्या, आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. आणि उलटी हुशारीही करू नका. विद्यापीठाने हॉस्टेल देऊ केलं आणि तुम्ही नाकारलं, तर एचआरएवरचा हक्क जातो. "मला बाहेरच बरं पडतं" असं सांगत भत्ता मागणारे दर वर्षी दोन-तीन येतातच.

यातच एक चांगली गोष्ट आहे आणि तीच लोक सोडून देतात. यूजीसीच्या अटींनुसार हॉस्टेलला राहणाऱ्याला खोलीच्या शुल्काची भरपाई मागता येते. मेस, वीज, पाणी यांची नाही. म्हणून हॉस्टेलची पावती एकाच आकड्याची घेऊ नका, फोड करून मागा. वरच्या उदाहरणात १६,८०० पैकी १२,००० खोलीचे आहेत, तेवढे परत मिळू शकतात. मिळाले की शिल्लक ४,१३,७०० ची ४,२५,७०० होते. मिळायच्या आधी मात्र ती धरायची नाही.

बाकीचे, थोडक्यात

कंटिन्जन्सी उत्पन्नात मिळवू नका. विज्ञानाला पहिली दोन वर्षं १२,००० आणि पुढे २५,००० ही वर्षाची मर्यादा आहे, ती बिलांवर मिळते आणि कामावरच खर्च व्हायला हवी.

हॉस्टेलचं डिपॉझिट परत मिळतं. ते खर्चात टाकून दर वर्षी रडू नका, पण सोडताना पावती शोधत बसायचीही वेळ आणू नका.

यूजीसीच्या फेलोशिपमधून हॉस्टेल-मेस कापून येत नाही, पैसे पूर्ण येतात आणि बिल तुम्हीच भरता. ज्या संस्था स्वतः स्टायपेंड देतात त्यांतल्या काही आधीच कापून घेतात. मित्राच्या स्लिपशी आपलं पासबुक ताडून भांडायला येण्याआधी एवढं बघा.

फॉर्म १६ मागायला येऊ नका. या फेलोशिपवर आम्ही टीडीएस कापत नाही, त्यामुळे तो निघत नाही. शिक्षणासाठीच्या शिष्यवृत्तीची करमाफी १९६१ च्या कायद्यात कलम १०(१६) मध्ये होती, सीए विचारेल तेव्हा फेलोशिपचा दाखला आणि अवॉर्ड लेटर दाखवा.

आणि मेस रिबेट. गावाला गेलो म्हणजे मेस आपोआप बंद होत नाही. बहुतेक हॉस्टेलांत किमान सलग काही दिवसांची अट असते आणि अर्ज आधी द्यावा लागतो. वरच्या मुलाने पस्तीस दिवसांचे ३,८५० वाचवले ते अर्ज देऊन. एसटीत बसल्यावर मेस सेक्रेटरीला व्हॉट्सअ‍ॅप करणाऱ्यांचं बिल पूर्ण लागतं, आणि त्याची तक्रार घेऊन ते माझ्याच खिडकीत येतात. मेसचं ऑफिस तळमजल्यावर आहे, उजव्या हाताला.