निविदेसोबतच्या ईमेलमध्ये वैधतेची तारीख लिहा

निविदेसोबतचा ईमेल पाच-सहा ओळींचाच असावा, पण त्यातली वैधतेची ओळ सर्वांत जपून लिहावी. ‘आमची ऑफर 90 दिवस वैध आहे’ एवढंच लिहिलं, तर 90 दिवस नेमके कधीपासून, हा प्रश्न उरतो. मुदत बहुधा निविदा सादर करण्याच्या अंतिम तारखेपासून मोजतात, काही ठिकाणी निविदा उघडल्यापासून. निविदापत्रात काय म्हटलंय ते आधी बघा. समजा अंतिम तारीख 14 मार्च आहे आणि तुम्ही 10 मार्चलाच ईमेल पाठवलात. पाठवल्या दिवसापासून मोजलं तर वैधता 8 जूनला संपते, हवी असते 12 जूनपर्यंत. चार दिवस कमी पडले तरी निविदा बाद होऊ शकते.

मजकूर साधारण असा ठेवा:

‘निविदा क्र. … साठी आमची निविदा सोबत जोडली आहे. सर्व अटी व तांत्रिक तपशील कोणत्याही बदलाशिवाय मान्य आहेत. ही निविदा 12 जूनपर्यंत वैध राहील. जोडपत्रे: 1. तांत्रिक प्रस्ताव (24 पाने), 2. अनुभव प्रमाणपत्रे (6 पाने), 3. स्वाक्षरी अधिकारपत्र (1 पान).’

एखादी अट मान्य नसेल तर ‘बदलाशिवाय’ लिहूच नका. त्याऐवजी, मान्य नसलेल्या अटी ज्यात नोंदवता त्या विचलन तक्त्याचा क्रमांक द्या. ‘आमच्या नेहमीच्या अटी लागू’ ही ईमेलखाली आपोआप येणारी ओळ मात्र आठवणीने काढा, कारण ती प्रतिअट ठरू शकते. दर वेगळ्या लिफाफ्यात मागितले असतील, तर ईमेलमध्ये रकमेचा उल्लेखही नको.