पाईपच्या सीझनआधी उधारीची यादी, आणि त्यातली ती एक गोष्ट

फेब्रुवारी लागला की आमच्याकडे पाईपचा सीझन उघडतो. बोअर खाली जायला लागतात, ऊसबिलाचे पैसे थोडे थोडे हातात येतात, आणि हुक्केरी, चिकोडी, निपाणीकडचे दुकानदार एकाच आठवड्यात फोन करतात, "अण्णा, गाडी लावा की." त्या गडबडीत कुणाला किती माल सोडायचा हे ठरवायला बसलात तर झालंच. हे काम जानेवारीतलं. मागच्या सीझनला मी ते केलं होतं. प्रत्येक पार्टीचं लिमिट टॅलीत टाकलं होतं. तरी २,१५,००० रुपये अजून बाहेर आहेत, कारण एक गोष्ट बघितली नाही. ती पुढे येतेच, आणि तुम्हाला कंटाळा येईपर्यंत येणार आहे.

पार्टीचा पत्ता, फोन, जीएसटी नंबर, दुकान भाड्याचं की स्वतःचं, हे सगळे घेतातच. त्यावर बोलत नाही.

पहिलं काम लिमिटच्या आकड्याचं. पार्टी मागते तो आकडा लिहायचा नाही, दुसरा होलसेलर तिला किती देतो तेही बघायचं नाही. गेल्या बारा महिन्यांची तिची आपल्याकडची खरेदी काढा आणि बाराने भागा. महिन्याला दोन लाखांचा माल जात असेल आणि मुदत तीस दिवसांची असेल, तर दोन लाख अडकणारच. आमच्या भागात पंधरा दिवस वर धरावे लागतात, कारण दुकानदाराने शेतकऱ्याला उधार दिलेलं असतं आणि शेतकरी ऊसबिलाची वाट बघत असतो. नियमाने ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत बिल मिळायला हवं, पण प्रत्यक्षात काय होतं ते आपल्याला माहीत आहे. म्हणजे पंचेचाळीस दिवसांचा माल, तीन लाख. हे त्या पार्टीचं लिमिट. सीझनमध्ये वाढवून द्यायचं असेल तर किती आणि कुठल्या तारखेपर्यंत हे आत्ताच लिहा. जूनमध्ये ते खाली आलं पाहिजे. न लिहिता वाढवलेलं लिमिट खाली येत नाही, हे अनुभवाने सांगतो. नवीन पार्टीला पहिली तीन बिलं रोखीने, मग छोट्या आकड्याने सुरुवात. "ओळखीचा आहे" हे कारण चालत नाही. बुडवणारे सगळे ओळखीचेच असतात, अनोळख्याला आपण उधार देतो कुठे?

आकडा ठरवताना आपली बाजूही बघा. पाईप-फिटिंगमध्ये मला हातात पाच टक्के राहतात. एक लाख बुडाले तर ते भरून काढायला वीस लाखांचा धंदा फुकट करायचा. वर बिलातला अठरा टक्के जीएसटी पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला आपण भरून मोकळे झालेलो असतो. पार्टी बुडाली म्हणून तो परत मिळत नाही.

आता ती गोष्ट. लिमिट खात्याला असतं, पण पैसे माणूस देतो. एकाच माणसाची दोन खाती असतील तर त्या दोघांचं मिळून एकच लिमिट. पुन्हा लिहितो: दोन खाती, खिसा एक.

सीमाभागात हे जितक्या सहज घडतं तितकं आत कुठे घडत नसेल. माझ्या एका पार्टीचं दुकान संकेश्वरला. माणूस चांगला, पैसे वेळेवर. त्याने गडहिंग्लजला दुसरं दुकान काढलं. अंतर थोडंच, पण राज्य बदललं म्हणून महाराष्ट्राचा वेगळा जीएसटी नंबर आला, आणि टॅलीत वेगळं खातं उघडलं गेलं. संकेश्वरला तीन लाखांचं लिमिट होतं. गडहिंग्लजला "नवीन दुकान आहे, मोठं होईल" म्हणून मी अडीच लाख टाकले. संकेश्वरची बिलं मी करायचो, महाराष्ट्राकडची भाचा बघायचा. दोघेही आपापलं खातं तपासत होतो. बेरीज कुणीच केली नाही.

मे महिन्यातला तो दिवस असा होता. संकेश्वरची बाकी २,१०,०००, आणि त्या दिवशी ८५,००० चा टेम्पो भरायचा होता. म्हणजे २,९५,०००, तीन लाखांच्या आत. गडहिंग्लजची बाकी २,४०,०००, तीही आत. टॅलीने हूं की चूं केलं नाही. पण गडहिंग्लजच्या खात्यावर आदल्या दिवशी ९०,००० चा चेक जमा दाखवला होता आणि तो अजून वटायचा होता. म्हणजे तिथलं खरं येणं ३,३०,०००. सगळं मिळून त्या एका माणसाकडे माझे ६,२५,००० रुपये गेलेले. दोन्ही दुकानांची मिळून महिन्याची खरेदी होती २,४०,०००. वर सांगितला तोच हिशेब लावला तर त्याचं लिमिट होतं ३,६०,०००. मी जवळजवळ पावणेदोन पट माल सोडला होता, आणि पडद्यावर सगळं ठीक होतं.

तो चेक परत आला. पुढचाही आला. मग आठ महिने हप्त्याहप्त्याने ४,१०,००० निघाले. उरलेल्यांचं वर सांगितलंच. पाच टक्क्यांनी ते भरून काढायला त्रेचाळीस लाखांचा धंदा लागतो.

मागाहून बघितलं तर खुणा समोरच होत्या. एका खात्यात पैसे आले की दोन दिवसांत दुसऱ्यातून ऑर्डर यायची. म्हणजे आमचाच माल विकून आमचंच जुनं बिल फिरवत होता. दोन्ही खात्यांचे पैसे एकाच बँक खात्यातून यायचे. आणि ड्रायव्हर मामा एकदा सहज बोलून गेले होते, "गडहिंग्लजचा माल संकेश्वरच्या गोडाऊनलाच उतरवला, तिकडे जागा नाही म्हणाले." ई-वे बिल एका राज्याचं आणि माल दुसऱ्या राज्यात, हा त्रास वेगळाच. पण मी ते ऐकून चहा पीत बसलो.

तेव्हा यादी करताना हे आधी करा. सगळ्या पार्ट्यांचे जीएसटी नंबर एकाखाली एक लिहा. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, आपले २९, महाराष्ट्राचे २७. ते झाका. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. ती दहा अक्षरं जुळली की माणूस तोच. माझ्याकडे साठ-सत्तर पार्ट्यांत अशा चार जोड्या निघाल्या. अर्ध्या तासाचं काम होतं, आणि ते मी केलं नव्हतं.

पॅन जुळला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. दुसरं दुकान बायकोच्या, भावाच्या, मेव्हण्याच्या नावावर असतं. तिथे फोन नंबर बघा, पैसे कुठल्या खात्यातून येतात ते बघा, माल कुठे उतरतो ते ड्रायव्हरला विचारा. कायद्याने दोघे वेगळे असतील, भावाचं कर्ज भावावर टाकता येणार नाही. त्यामुळे उलट जास्तच जपा. लिमिट ठरवताना घर एकच धरा. टॅलीत Sundry Debtors च्या खाली त्या घराच्या नावाने एक ग्रुप करा आणि दोन्ही खाती त्यात टाका. खात्यांवरची लिमिटं वाटून द्या, म्हणजे तीन लाख साठ हजारांतले दोन लाख चाळीस इकडे, एक लाख वीस तिकडे. बेरीज घराच्या आकड्याच्या वर जाता कामा नये. आणि बिलं दोघांनी केली तरी त्या घराची ऑर्डर एकाच माणसाने घ्यायची.

दुसरी तयारी माल सोडण्याआधीच्या तपासणीची, आणि इथे वेळ महत्त्वाची. आमच्याकडे काय व्हायचं, सकाळी फोनवर ऑर्डर, हमाल पाईप चढवायचे, अकराला बिल करायला बसलो की टॅली लिमिट ओलांडलं म्हणून अडवायची. तोवर टेम्पो भरलेला, ड्रायव्हर घाई करतोय, पार्टी फोनवर. कोण माल उतरवणार? लिमिट वाढवून बिल व्हायचं. तपासणी टेम्पोला हात लावायच्या आधी झाली पाहिजे. ऑर्डर आली की चिठ्ठीवर चार आकडे मांडा: घरातल्या सगळ्या खात्यांची बाकी (सगळ्या!), न वटलेले चेक, चलनावर गेलेला पण बिल न झालेला माल, आणि आजचा माल. चारींची बेरीज लिमिटच्या आत असेल तर चिठ्ठीवर सही, आणि सहीशिवाय हमालांनी पाईप उचलायचा नाही. लिमिटच्या वर सोडायचं असेल तर तो निर्णय आपल्याकडच्या एकाच माणसाने घ्यावा. कारण आणि तारीख वहीत लिहावी. लिहायला लागलं की अर्धे अपवाद आपोआप गळतात.

चेकचं वेगळं सांगतो. चेक हातात आला म्हणजे पैसे आले नाहीत. वटेपर्यंत ती बाकीच धरा.

बाकी लिमिटच्या आत असली तरी सर्वांत जुनं बिल किती दिवसांचं आहे ते बघा. एक लाखच येणं आहे, पण त्यातलं एक बिल सत्तर दिवसांचं असेल तर माल थांबवा आणि आधी ते मिटवायला सांगा. यासाठी आलेले पैसे बिलावर बिल जुळवून टाकावे लागतात. ऑन अकाउंट ढकलून दिले की जुनं बिल कुठलं हेच कळत नाही. शिवाय महिन्यातून एकदा जीएसटीच्या साईटवर Search Taxpayer मध्ये पार्टीचा नंबर टाकून रिटर्न भरली आहेत का बघा. लॉगिन लागत नाही. महिन्याला भरणारी पार्टी दोन महिने गप्प असेल तर फोन करा, माल नंतर.

राहिलं ते पटकन. चेक परत आला तर बँकेची चिठ्ठी मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर पंधरा दिवसांची मुदत, त्यानंतर एक महिन्यात कोर्टात तक्रार. पार्टी महाराष्ट्रातली असली तरी आपण चेक ज्या शाखेतल्या आपल्या खात्यात भरला तिथलंच कोर्ट, म्हणजे बेळगावचं खातं असेल तर बेळगावलाच. तारखा चुकवू नका. ३१ मार्चची बाकी सहीने मंजूर करून घ्या, प्रत्येक खात्याची वेगळी. कानडी लिहिणारा मुनीम असेल तर कानडीतला कागद न्या, पण आकडा आणि सही एकाच पानावर हवी. दाव्याची मुदत तीन वर्षं. त्या तीन वर्षांच्या आत झालेली अशी सही असली तर मुदत तिथून पुन्हा मोजली जाते.

लिमिट पार्टीला तोंडावर सांगा, सीझन सुरू व्हायच्या आधी. संकेश्वरवाल्याला मी कधीच सांगितलं नव्हतं. यंदा त्या चारही जोड्यांना बोलावून दोन्ही दुकानांचा मिळून एकच आकडा सांगितला. एकजण रुसला, तीन आठवडे फोन नाही. मग आला.

आणि ड्रायव्हर मामांना सांगून ठेवा, माल बिलावरच्या पत्त्याशिवाय दुसरीकडे उतरवायला लावला तर आधी आपल्याला फोन.