इलेक्ट्रिशियनच्या जाहिरातीत कोणतं प्रमाणपत्र 'आवश्यक' लिहायचं?

हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याची मेंटेनन्स इलेक्ट्रिशियनसाठीची जाहिरात परवा माझ्याकडे तपासायला आली. 'आवश्यक' खाली पाच कागद होते: आयटीआय, वायरमन परवाना, यंत्रं चालवणाऱ्या पीएलसी या कंट्रोलरचा कोर्स, प्रथमोपचार आणि एमएस-सीआयटी. अर्ज मोजकेच आले होते, आणि ते पाहून मला वाईट वाटलं. हाताला काम येणारी माणसं अशी यादी वाचूनच मागे फिरतात.

मी प्रत्येक कागदाला एकच प्रश्न विचारते: हा नसेल तर पहिल्या दिवशी या माणसाला कामाला हात लावता येईल का? वायरिंगमध्ये बदल किंवा दुरुस्ती करायला कायद्यानेच परवाना लागतो, फक्त दिवा, पंखा, फ्यूज बदलण्यासारखी कामं त्यातून सुटतात. म्हणून परवाना आवश्यक. तिथे 'वैध' हा शब्द घालाच, नाहीतर मुदत संपलेला परवाना घेऊन माणूस मुलाखतीला येतो. आयटीआयही ठेवलं, पण 'एनसीव्हीटी किंवा एससीव्हीटी' असं. नुसतं एनसीव्हीटी लिहिलं असतं तर राज्य परिषदेचं प्रमाणपत्र असलेली चांगली मुलं विनाकारण गळली असती.

पीएलसीवर मात्र आमची बरीच चर्चा झाली. तिथे प्रोग्रॅम बाहेरचा माणूस येऊन बदलतो, इलेक्ट्रिशियनला फक्त फॉल्ट वाचायचा असतो. ते जुना फोरमन दोन आठवड्यांत शिकवतो, म्हणून कोर्स 'प्राधान्य'मध्ये गेला. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण रुजू झाल्यावर कंपनीनेच द्यावं. एमएस-सीआयटी काढून टाकलं.

'प्राधान्य'मधल्या कागदाला किती गुण, हे अर्ज उघडण्याआधी ठरवून ठेवा. नाहीतर चाळणी लावताना तोच कागद नकळत आवश्यक होऊन बसतो.