हिरवा दिवा लागला की सकाळ: रंग बदलणाऱ्या घड्याळाची मुलाला सवय कशी लावावी

मूल अडीच वर्षांचं होईपर्यंत हे घड्याळ घेऊच नका. ज्याला 'थोडं थांब' कळत नाही, त्याच्यासाठी तो नुसता दिवा.

घड्याळ अंथरुणातून दिसेल, पण हाताला लागणार नाही असं ठेवा. रात्रीसाठी मंद लाल रंग, सकाळी हिरवा. निळा-पांढरा उजेड रात्री नकोच, झोप उडते. वीज गेली तर वेळ टिकते का, हे प्लग काढून बघून घ्या. दोन-तीन दिवस दुपारी खेळ करा: लाल दिव्यात बाहुलीला झोपवायचं, हिरवा लागला की सगळ्यांनी उठायचं.

खरी मेख आहे ती वेळ लावण्यात. लोक पहिल्याच रात्री थेट सातचा हिरवा लावतात. मूल उठतं 5:20 ला, मग जवळजवळ पावणेदोन तास लाल दिव्याकडे बघत कोण पडून राहील? ते रडतं, तुम्ही वैतागून उचलता, आणि लाल असतानाही उठता येतं हे त्याला पक्कं कळतं. त्यानंतर ते घड्याळ कपाटात गेलेलं बरं.

म्हणून सुरुवातीला हिरवा दिवा त्याच्या नेहमीच्या वेळेच्या जेमतेम पुढे लावा. 5:20 ला उठत असेल तर 5:25. दिवा लागला रे लागला की "हिरवा झाला, चल!" म्हणत उचला. तुम्ही कितीही पेंगत असा, इथे दोन मिनिटांचाही उशीर नको. थांबलं की दिवा लागतो आणि आई येते, ही सांगड त्या क्षणीच बसते. तीन-चार सकाळी सुरळीत गेल्या की पाच मिनिटं पुढे. सलग दोन दिवस रडारड झाली तर एक टप्पा मागे या. 5:25 वरून 6:15 पर्यंत दहा टप्पे, म्हणजे महिना-सव्वा महिना. घाई केली की सगळं मुसळ केरात.

आपल्याकडे मूल बहुधा आईबाबांजवळच झोपतं, त्यामुळे नियम 'खोलीत थांब' असा नाही, 'गादीवर, हळू आवाजात' असा ठेवा. उशाशी एखादं मऊ खेळणं चालेल, मोबाइल अजिबात नाही. शू लागली तर दिवा न लावता, न बोलता नेऊन आणा. आणि आजीला आधीच सांगा, नाहीतर "उठलं का माझं सोनं?" म्हणत ती लाल दिव्यातच दार उघडते.

घड्याळ झोप वाढवत नाही, हेही लक्षात घ्या. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून 10 ते 13 तास झोप लागते. रात्री साडेआठला झोपून सहाला उठलं आणि दुपारी दोन तास झोपलं, तर साडेअकरा तास झाले. त्याला सातपर्यंत झोपवायचं असेल तर घड्याळाशी खटपट करू नका. दुपारची झोप कमी करा, नाहीतर रात्री थोडं उशिरा झोपवा.