पहिला अँटिबायोग्राम काढण्याआधीची तयारी

कुठल्या जंतूवर कुठलं अँटिबायोटिक किती टक्के वेळा लागू पडतं, हे सांगणारा वर्षाचा तक्ता म्हणजे अँटिबायोग्राम. जानेवारी उजाडला की शंभर खाटांच्या रुग्णालयातही तो काढायची घाई होते आणि सगळे संगणकासमोर जाऊन बसतात. खरी तयारी मात्र वर्षभर आधी, वॉर्डात आणि ओपीडीत करावी लागते.

सुरुवात नमुन्यापासून करा. लघवीचा नमुना मधल्या धारेचा हवा आणि दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे. तेवढं जमणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर टेबलावर पडल्यापडल्या जंतू वाढतात आणि निरोगी माणसाच्या लघवीतही 'जंतुसंसर्ग' दिसू लागतो. एकाच नमुन्यात तीन-चार प्रकारचे जंतू वाढले तर तो बहुधा भेसळीचा नमुना असतो. तो मोजायचा नाही, पुन्हा मागायचा. रक्ताचं कल्चर अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी घ्यावं. मोठ्या माणसाला प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिलिलीटर रक्त लागतं. आमच्याकडे तीन मिलिलीटर भरून 'वाढ नाही' असे रिपोर्ट बरेच महिने जात होते, आणि आम्ही त्यावर खूशही होतो.

नमुन्याच्या फॉर्मवर एक रकाना नक्की वाढवा: येण्याआधी कुठलं औषध घेतलं? रुग्णाला नाव सांगता येत नाही, म्हणून पाकीट किंवा स्ट्रिप आणायला सांगा. साध्या तापासाठी औषधाच्या दुकानातून अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या, मग दुसऱ्या डॉक्टरकडून सेफिक्झिम, आणि त्यानेही ताप उतरला नाही म्हणून तुमच्याकडे, असा प्रवास नेहमीचा आहे. २०१४ पासून सेफिक्झिम शेड्यूल एच-१मध्ये आहे. दुकानदाराने डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षं ठेवायची असते. अझिथ्रोमायसिनलाही चिठ्ठी लागतेच, पण या वहीच्या कक्षेत ते येत नाही. या रकान्याचा उपयोग तक्ता वाचताना होतो. कल्चरपर्यंत पोहोचतात ते मुख्यतः आधीची औषधं हरलेले रुग्ण, म्हणून गावातल्या साध्या मूत्रसंसर्गापेक्षा तुमचा तक्ता भीषण दिसतो.

प्रयोगशाळेत जंतू वाढवलेल्या आगरवर औषधाच्या चकत्या ठेवायची डिस्क पद्धत वापरत असाल तर मुलर-हिंटन आगरची जाडी चार मिलिमीटर आहे का, हे पट्टी लावून बघा. थर पातळ असेल तर झोन, म्हणजे चकतीभोवतीचं जंतू न वाढलेलं वर्तुळ, फुगतो आणि जंतू आहे त्यापेक्षा नरम वाटतो. ज्ञात स्ट्रेन, म्हणजे ई. कोलाय २५९२२, ठरल्या वेळी लावा. त्याचा झोन दिलेल्या मर्यादेबाहेर गेला तर त्या दिवसाचे रिपोर्ट थांबवा. कोलिस्टिनची डिस्क ठेवूच नका. ते औषध आगरात नीट पसरत नाही, त्यामुळे झोनवर भरवसा नाही.

आता मोजणी. WHONET हे मोजणीचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, पण नियम तुम्हाला माहीत हवेत. प्रत्येक रुग्णाचा त्या जंतूचा वर्षातला फक्त पहिला नमुना धरायचा. समजा क्लेबसिएलाचे ४० नमुने आले आणि त्यांतले १६ मेरोपेनेमला दाद देत नव्हते. लागू पडण्याचं प्रमाण ६० टक्के निघालं. पण आयसीयूतल्या दोन रुग्णांचे सात पुनरावृत्त नमुने त्यात होते आणि ते सातही प्रतिरोधी होते. ते काढले की ३३ उरतात, प्रतिरोधी नऊ, आणि प्रमाण ७३ टक्के होतं. साठ पाहून डॉक्टर घाबरून थेट कोलिस्टिनकडे वळले असते. संसर्ग नसताना, जंतू अंगावर आहे का एवढंच बघायला घेतलेले स्वॅबही यातून वगळा.

एखाद्या जंतूचे तीसपेक्षा कमी रुग्ण असतील तर टक्के छापू नका. अकरा स्यूडोमोनासमधला एक इकडचा तिकडे झाला तरी आकडा नऊ टक्क्यांनी हलतो. दोन वर्षांची माहिती एकत्र करा, नाहीतर तो रकाना रिकामा ठेवा. रिकामा रकाना पाहून वरिष्ठ नाराज होतील; होऊ द्या. ओपीडीची लघवी आणि आयसीयू मात्र शक्य तिथे वेगळे काढा, कारण दोघांची सरासरी कुणाच्याच कामाची नसते.

छापण्याआधी औषध समितीशी एक गोष्ट ठरवून घ्या: साधं औषध लागू पडत असेल तर रिपोर्टवर मेरोपेनेमचा निकाल दाखवायचा नाही. नाव दिसलं की लिहिलं जातं. नायट्रोफ्युरँटोइन फक्त मूत्राशयाच्या संसर्गासाठी, हे त्याच ओळीत लिहा, कारण रक्तात आणि मूत्रपिंडाच्या ऊतींमध्ये ते पुरेसं पोहोचत नाही.

तक्ता एका पानात बसवा, ओपीडीच्या टेबलावर काचेखाली ठेवा, वर वर्ष ठळक टाका. आणि मागच्या वर्षीचा भिंतीवरून आधी काढा. आमच्याकडे दोन्ही शेजारी शेजारी होते, आणि वाचला जायचा जुना.